मुलाखत झाली, आता आभाराचा ईमेल

परदेशी शिक्षणासाठी १८९२ पासून कर्जरूपी शिष्यवृत्ती देणाऱ्या जे. एन. टाटा एन्डोमेंटची मुलाखत देऊन कोल्हापूरला परतलात? आभाराचा ईमेल दुसऱ्या दिवशीच पाठवा. विषयाच्या ओळीत नाव आणि अर्ज क्रमांक लिहा. नमुना असा:

‘आदरणीय महोदय, कालच्या मुलाखतीबद्दल आभार. पंचगंगेच्या पुराचा इशारा गावापर्यंत वेळेत कसा पोहोचेल, हा आपला प्रश्न मी पुढे नेतो आहे. प्रबंधासाठी शिरोळ तालुक्यातली गावं निवडतोय. विद्यापीठाचं प्रवेशपत्र आलं की पाठवेन.’

समितीच्याच प्रश्नाचा उल्लेख असल्यामुळे ईमेल साच्यातला वाटत नाही. घरची आर्थिक परिस्थिती अर्जात आलेलीच असते, ती इथे नको. ‘कृपया माझा विचार व्हावा’ हे वाक्यही खोडा.