चौकटी संपेनात, तेव्हा

उमरग्यात सोयाबीनच्या विम्याचा अर्ज भरायला बसावे, मुदतीचा शेवटचा दिवस असावा, आणि फोन पुन्हा पुन्हा विचारतो : बस कोणत्या चौकटीत आहे? बरोबर उत्तर देऊनही दार उघडत नाही.

चूक तुमची नसते. इंटरनेटवरचे जुन्या पद्धतीचे पत्ते सुमारे ४३० कोटीच. म्हणून मोबाइल कंपनी एकच पत्ता अनेक ग्राहकांना देते, सामाईक विहिरीसारखा. एकाच्या फोनमधून भरमसाट मागण्या गेल्या, की पलीकडचा संगणक सगळ्यांवरच संशय घेतो. व्हीपीएनचा पत्ताही असाच सामाईक असतो.

तेव्हा व्हीपीएन बंद करा. विमान मोड थोडा वेळ लावून काढा. पुष्कळदा पत्ता बदलतो. तरीही अडले, तर शेजाऱ्याच्या दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून हॉटस्पॉट घ्या. तिथे चालले, तर दोष पत्त्याचाच समजावा.