पाच सेकंद आणि साठ सेकंद

ऑनलाइन दुकानात ऑर्डर पक्की करायचं बटण दाबावं आणि पांढऱ्या पानावर `502 Bad Gateway` एवढंच उमटावं, असा अनुभव अनेकांना आला असेल. पुन्हा दाबलं की सगळं सुरळीत चालतं. दुकानाचे इंजिनिअर सर्व्हरच्या नोंदी उघडतात, तर त्यात बिघाड सोडाच, ती रिक्वेस्ट आल्याचीही खूण नसते. डेटाबेस ठीक, मेमरी ठीक. अशा अधूनमधून उगवणाऱ्या ५०२ चं एक कारण फार सामान्य आहे, तरी त्याच्यावर संशय सहसा सगळ्यात शेवटी जातो.

ग्राहक आणि ॲप्लिकेशन यांच्यामध्ये लोड बॅलन्सर असतो. आलेल्या रिक्वेस्ट तो मागच्या सर्व्हरांत वाटतो. प्रत्येक वेळी नवं कनेक्शन जोडण्यात वेळ जातो, म्हणून काम संपलं तरी तो कनेक्शन तोडत नाही, पुढच्या रिक्वेस्टसाठी तसंच ठेवतो. रिकामं कनेक्शन किती वेळ ठेवायचं, हे मात्र दोन्ही बाजू आपापल्या घड्याळावर ठरवतात. ॲमेझॉनच्या ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरची मुदत, कोणी बदलली नसेल तर, ६० सेकंद असते. नोड जेएसच्या सर्व्हरची मुदत बरीच वर्षं ५ सेकंद आहे. दोघं एकमेकांना आपली मुदत विचारत नाहीत.

आता एकाच कनेक्शनवर लक्ष ठेवू. दहा वाजता त्यावरून एक उत्तर गेलं आणि ते रिकामं झालं. दहा वाजून पाच सेकंदांनी ॲप्लिकेशनने ते बंद केलं आणि तसा निरोप लोड बॅलन्सरकडे पाठवला. निरोप वाटेत असतानाच, मिलिसेकंदाच्याही आत, एका ग्राहकाची ऑर्डर आली. लोड बॅलन्सरच्या लेखी कनेक्शन अजून चालू होतं, त्यामुळे त्याने ऑर्डर त्यावरूनच धाडली. पलीकडच्या ऑपरेटिंग सिस्टिमने ‘असं कनेक्शन इथे नाही’ म्हणून ती परस्पर धुडकावली. ॲप्लिकेशनच्या कोडपर्यंत ती पोचलीच नाही, मग तिथल्या लॉगमध्ये नोंद कुठून येणार?

लोड बॅलन्सरने तीच ऑर्डर दुसऱ्या कनेक्शनवरून का पाठवू नये? कारण रिक्वेस्ट पोचण्यापूर्वी कनेक्शन तुटलं की पोचून काम झाल्यावर तुटलं, हे त्याला खात्रीने सांगता येत नाही. ऑर्डर दोनदा नोंदली जाण्यापेक्षा ५०२ परत करणं बरं, आणि हा सावधपणा मला योग्यच वाटतो.

चाचणीत हा दोष सापडत नाही, याचं कारणही त्या पाच सेकंदांतच आहे. हजारो रिक्वेस्टचा मारा केला तर कनेक्शन पाच सेकंद रिकामं राहतच नाही. एकट्याने अर्ध्या मिनिटाने बटण दाबलं, तर जुनं कनेक्शन केव्हाच रीतसर बंद झालेलं असतं आणि लोड बॅलन्सर नवं जोडतो. अडचण येते ती मध्यम वर्दळीत, जेव्हा दोन रिक्वेस्टमधलं अंतर नेमकं पाच सेकंदांच्या आसपास पडतं.

ओळखायचं असेल तर लोड बॅलन्सरचा स्वतःचा लॉग पाहावा. ग्राहकाला दिलेला कोड `502`, पण सर्व्हरकडून आलेल्या कोडच्या जागी नुसती रेघ `-` आणि सर्व्हरला लागलेल्या वेळेच्या जागी `-1` दिसतं. ॲप्लिकेशनने स्वतः ५०२ दिला असता, तर दोन्ही कोडच्या जागी तोच आकडा असता. ही रेघ इतर काही बिघाडांतही दिसते. मात्र ॲप्लिकेशन कोसळलेलं नसेल आणि त्याची मुदत लोड बॅलन्सरपेक्षा कमी असेल, तर संशय पक्का धरावा.

उपाय असा, की रिकामं कनेक्शन नेहमी रिक्वेस्ट पाठवणाऱ्याने आधी बंद करावं. लोड बॅलन्सरनेच बंद केलं तर त्यावरून तो नवं काही पाठवणार नाही, आणि ॲप्लिकेशन आपण होऊन काही मागत नसतं. म्हणून ॲप्लिकेशनची मुदत साठच्या वर न्यायची:

```
server.keepAliveTimeout = 65000;
server.headersTimeout = 66000;
```

आकडे मिलिसेकंदांत आहेत. दुसरी ओळ हेडर पूर्ण येण्याची मुदत ठरवते. नोडच्या काही जुन्या आवृत्त्यांत ती पहिलीपेक्षा कमी राहिली, तर कनेक्शन तरीही लवकर तुटायचं.

उलट बाजूने, लोड बॅलन्सरची मुदत चार सेकंदांवर आणायचा मोह होतो. तो टाळावा. तीच मुदत उत्तराची वाट पाहतानाही लागू होते. त्यामुळे दहा सेकंद घेणारा एखादा अहवाल मध्येच तुटेल आणि ५०२ च्या जागी ५०४ येऊ लागेल.

मुदत बदलल्यावरही काही ५०२ उरले, तर त्यांच्या वेळा नवी आवृत्ती चढवण्याच्या वेळांशी ताडून पाहाव्यात. तिथे सर्व्हर बंद होताना कनेक्शनं तुटतात, आणि त्यावर ६५ सेकंदांचा काही उपयोग नाही. आधी सर्व्हरला लोड बॅलन्सरच्या यादीतून काढायचं, हातातल्या रिक्वेस्ट संपू द्यायच्या आणि मगच तो थांबवायचा, असा क्रम वेगळा लावून द्यावा लागतो.