ताकीदपत्रात ‘नेहमी’ नको, तारखा हव्यात

‘आपण नेहमी कामावर उशिरा येता. वारंवार सांगूनही सुधारणा नाही. यापुढे असे झाल्यास कामावरून काढून टाकण्यात येईल.’ लहान कारखान्यांत आणि कार्यालयांत उशिराबद्दलचे पहिले ताकीदपत्र बहुधा असेच तीन वाक्यांत उरकलेले असते. लिहिणाऱ्याला ते कडक वाटते, पण कामगार न्यायालयात ते टिकवणे अवघड जाते. ‘नेहमी’ म्हणजे किती दिवस, ‘वारंवार’ कोणी आणि कधी सांगितले, याचे उत्तर त्यात नसते. ज्याला ते मिळते त्यालाही आपले नेमके काय चुकले हे कळत नाही, आणि माझ्या मते हा दोष अधिक गंभीर आहे.

एक उदाहरण घेऊ. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पहिली पाळी सकाळी 8 ला सुरू होते आणि दहा मिनिटांची सवलत आहे. पॅकिंग विभागातल्या एका कामगाराचे पंचिंग मशीन जून महिन्यात सहा लेट मार्क दाखवते. पत्र लिहायला बसण्याआधी हे सहाही दिवस तपासायला हवेत. 11 जूनला कंपनीचीच बस उशिरा आली होती, त्या बसमधले सगळेच उशिरा पोचले. 17 जूनला सुपरवायझरने तोंडी परवानगी दिली होती, ती मस्टरवर चढवायची राहून गेली. हे दोन दिवस वगळलेच पाहिजेत. चारच्या जागी सहा लिहिले, तर त्या दोन चुकीच्या नोंदींमुळे उरलेल्या चार खऱ्या नोंदींवरचाही विश्वास उडतो. त्याच विभागात आणखी कोणाचे तेवढेच लेट मार्क आहेत का, हेही पाहायचे. एकाला पत्र आणि दुसऱ्याला मोकळीक दिली, तर तो पक्षपात ठरतो.

त्यानंतर त्या माणसाला बोलावून त्याचे ऐकायचे. अनेक आस्थापनांच्या स्थायी आदेशांत ताकीद ही शिक्षाच मानलेली असते, आणि म्हणणे ऐकण्याआधी शिक्षा देणे नैसर्गिक न्यायाला धरून नाही. आपला कामगार सांगतो, बायकोची पाळी बदलल्यापासून मुलाला पाळणाघरात त्यालाच सोडावे लागते आणि ते पावणेआठला उघडते. कारण खरे आहे, पण ते त्याने आधी कळवले नव्हते. या दोन्ही गोष्टी पत्रात यायला हव्यात.

मग पत्राचा मजकूर असा होतो: ‘आपल्या पाळीची वेळ सकाळी 8 आहे. आपण 3 जूनला 8.24, 5 जूनला 8.31, 10 जूनला 8.27 आणि 19 जूनला 8.22 वाजता हजर झालात. 6 जूनला सुपरवायझरांनी आपल्याला याबाबत तोंडी समज दिली होती. 22 जूनच्या भेटीत आपण मुलाच्या पाळणाघराची अडचण सांगितली. ती लक्षात घेऊन 1 जुलैपासून दोन महिने आपल्याला साडेआठची पाळी देत आहोत. मात्र अडचण वेळेवर न कळवल्याबद्दल आणि तोंडी समजेनंतरही उशीर झाल्याबद्दल ही पहिली लेखी ताकीद देण्यात येत आहे. यापुढे उशीर होणार असल्यास पाळी सुरू होण्यापूर्वी सुपरवायझरांना फोनने कळवावे. या दोन महिन्यांत विनाकारण उशीर झाल्यास स्थायी आदेशांनुसार पुढील कारवाई होऊ शकते. आपले म्हणणे सात दिवसांत लेखी देता येईल. ते या पत्रासोबत आपल्या फाइलमध्ये ठेवले जाईल.’

‘होऊ शकते’ हे मुद्दाम लिहिले आहे. ‘काढून टाकू’ असे लिहिले, तर पुढची चौकशी होण्याआधीच निकाल ठरला होता असा अर्थ निघतो. ‘बेजबाबदार’, ‘आळशी’ यांसारखी विशेषणेही नकोत. आपण उशिराबद्दल लिहितो आहोत, माणसाच्या स्वभावाबद्दल नाही.

पगाराचा मुद्दा वेगळा ठेवावा. ‘तीन लेट मार्क म्हणजे अर्ध्या दिवसाचा पगार’ ही पद्धत सर्रास दिसते. पण गैरहजेरीपोटी होणारी कपात प्रत्यक्ष न केलेल्या कामाच्या वेळेच्या प्रमाणातच असली पाहिजे, हे तत्त्व 1936 च्या वेतन कायद्यात होते आणि 2019 च्या वेतन संहितेतही आहे. आपल्या उदाहरणात चार दिवसांचा उशीर मिळून एक तास 44 मिनिटे होतो. कापायचेच असेल, तर तेवढेच.

पत्र कामगाराला वाचता येईल अशा भाषेत असावे. दोन प्रती काढाव्यात, आवक-जावक नोंदवहीतला क्रमांक घालावा आणि आपल्या प्रतीवर ‘प्रत मिळाली’ एवढ्याचीच सही घ्यावी. सही म्हणजे मजकुराला मान्यता नव्हे, हेही तिथे छापावे. सही नाकारली, तर दोन साक्षीदारांसमोर तशी नोंद करून पत्र स्पीड पोस्टाने घरच्या पत्त्यावर पाठवावे. पंचिंगचा उतारा आणि 6 व 22 जूनच्या बोलण्याची टिपणे त्याच दिवशी फाइलला जोडावीत. ती मागाहून लिहिली, तर उलटतपासणीत उघडी पडतात.

ज्याला असे पत्र मिळेल, त्याने ते फाडू नये. प्रत जपून ठेवावी, प्रत्येक तारीख स्वतःच्या नोंदीशी ताडून पाहावी आणि एखादी चुकीची असेल, तर मुदतीत लेखी उत्तर देऊन त्याची पोच घ्यावी.