बारावर सात

माझ्या खेळात धानाची बांधी आहे, मचाण आहे आणि रात्री येणारी रानडुकरं आहेत. खेळणारा मचाणावरून गोफण फिरवतो. दगड लागला की डुकराच्या डोक्यावर माराचा आकडा उमटतो, वर सरकतो आणि विरून जातो. चंद्रपुरात घरी बसून, नोकरी सांभाळून, गोडोमध्ये हा खेळ रचतोय. पहिला परीक्षक मूल गावचा भाचा. त्याच्या घरी धान आहे, त्यामुळे डुकरांबद्दल तो माझ्यापेक्षा जाणकार. त्यानं पाच मिनिटं खेळून फोन परत दिला. "मामा, हे बारा होय का सात होय? काही दिसूनच नाही राहिलं."

दिसत नव्हतंच. गोफण सुधारली की दर ०.३ सेकंदाला एक दगड सुटतो आणि आकडा ०.८ सेकंद जगतो. म्हणजे एका वेळी दोन-तीन आकडे एकाच डोक्यावर. आधी मी प्रत्येकाला डावी-उजवीकडे थोडं रँडम सरकवून पाहिलं. त्यानं आकडे विखुरले, पण कुठला आधीचा, कुठला नंतरचा हे कळेना, आणि अधूनमधून दोघं एकमेकांवर बसतच. नशिबावर सोडलेली मांडणी दर दहा फटक्यांत एकदा तरी फसते.

मग क्रमानं थर लावायचे ठरवलं. डुकरावर आधीच जितके आकडे जिवंत, तितके थर सोडून नवा वर ठेवायचा. एक थर १८ पिक्सेलचा. कागदावर पक्कं वाटलं. चालवून पाहिलं तर गिचमीड पहिल्यापेक्षा वाईट.

कारण सापडायला एक संध्याकाळ गेली. `Engine.time_scale = 0.1` करून खेळ दहापट संथ केला आणि स्क्रीनला नाक लावून बसलो. आकडा ०.८ सेकंदात ४८ पिक्सेल चढतो, म्हणजे सेकंदाला ६०. पहिला, १२, तळाशी उमटला. ०.३ सेकंदांनी दुसरा, ७, आला. त्याला एक थर, म्हणजे १८ पिक्सेलवर जागा मिळाली. पण तेवढ्या वेळात बाराही बरोबर १८ पिक्सेल चढलेला. ०.६ सेकंदाला तिसरा ३६ पिक्सेलवर उमटला, तर पहिले दोघे तिथेच हजर. वेग तिघांचा सारखा, त्यामुळे एकदा बसले की सुटत नाहीत. दोन दगडांमधला वेळ आणि चढण्याचा वेग यांचा गुणाकार मी नकळत थराच्या उंचीशी तंतोतंत जुळवून ठेवला होता. थर वीस केला तर फार तर दोन पिक्सेलांची फट पडली असती.

चूक अशी की वर चढणं आणि थर या दोन गोष्टी एकाच दिशेला भांडत होत्या. म्हणून स्वतःहून चढणं काढूनच टाकलं. आता नवा आकडा कायम तळाशी येतो आणि जुन्यांना एकेक पायरी वर ढकलतो. रेशनच्या रांगेसारखं, फक्त इथे मागून येणारा पुढच्याला ढकलतो आणि कोणी तक्रार करत नाही.

```gdscript
func restack(list):
    for i in list.size():
        var rank = list.size() - 1 - i
        list[i].target_y = -rank * ROW_H
```

गोडोमध्ये वर जाणं म्हणजे उणे, म्हणून ते चिन्ह. यादीत सगळ्यात नवा शेवटी, त्याचा क्रम शून्य. सगळ्यांचं आयुष्य सारखं असल्यानं मरतो तो नेहमी सगळ्यात वरचा, मध्ये भोक पडत नाही. जबर फटक्याचा आकडा जास्त वेळ ठेवायचा मोह झाला होता. तसं केलं की हा हिशेब मोडतो. त्याला नुसता मोठा केला.

आकडे दर वेळी नव्यानं बनवून फेकायचे नाहीत, हे त्याच बैठकीत उरकलं. सुरुवातीलाच २४ लेबलं तयार, लपवलेली. लागेल तेव्हा एक उचलायचं, विरलं की परत ठेवायचं. भाच्याच्या जुन्या फोनवर खेळ अडखळायचा, ते बरंच कमी झालं. पण वापरलेलं भांडं घासून ठेवावं लागतं. जुना ट्वीन थांबवला नाही तर नवा आकडा जन्मताच फिका पडायला लागतो. रंग बदलला नाही तर साधा मारही जबर फटक्याच्या लाल रंगात येतो. आणि लेबल डुकराच्या नोडखाली ठेवलं की डुक्कर मेलं, `queue_free()` झालं, की लेबलही गेलं आणि साठा हळूहळू रिकामा. आता लेबलांचा वेगळा थर आहे, डुकराची फक्त जागा वाचतो.

भाच्याला परत फोन दिला. आकडे स्वच्छ, एकाखाली एक. तरी तो म्हणाला, "पण मामा, डुक्कर एकटं येते का कधी?"

चार डुकरं खांद्याला खांदा लावून आली की चार रांगा एकमेकींत घुसतात. यादी आता डुकरागणिक न ठेवता पडद्याच्या ६० पिक्सेलच्या चौकोनागणिक ठेवून पाहतोय. चौकोनाची सीमा ओलांडणारं डुक्कर अजून त्रास देतंय.