हृदयाचा आकार ‘नॉर्मल’, तरी दम का?

वज्रेश्वरीहून तिशीतली एक महिला ओपीडीत आली. मंदिराच्या पायऱ्या चढताना दम लागायचा आणि रात्री आडवं झालं की खोकला यायचा. दम्याचा पंप वर्षभर चालू होता. सोबत छातीचा एक्स-रे होता आणि रिपोर्टात लिहिलं होतं, ‘हृदयाचा आकार नॉर्मल’.

आम्ही पट्टीने मोजलं. मणक्याच्या मध्यरेषेपासून हृदयाची सावली उजवीकडे ४ आणि डावीकडे ८.५ सेंटीमीटर, म्हणजे एकूण रुंदी १२.५. छातीच्या पिंजऱ्याची आतली सर्वांत जास्त रुंदी होती २६. प्रमाण आलं ४८ टक्के. मोठ्या माणसात ५० टक्क्यांपर्यंत ते ठीक मानतात. म्हणजे रिपोर्ट चुकीचा नव्हता, अपुरा होता.

हृदयाला चार कप्पे असतात. त्यांतला डावा वरचा कप्पा सर्वांत मागे, मणक्यासमोर असतो. तो फुगला तरी सावलीची रुंदी फारशी वाढत नाही. त्याच्या खुणा वेगळ्या असतात आणि त्या इथे होत्या. हृदयाच्या उजव्या कडेच्या आत दुसरी कड दिसत होती. डाव्या कडेवरची नेहमीची खोलगट जागा भरून आली होती. श्वासनलिका जिथे दुभागते तिथला कोन रुंदावला होता, कारण फुगलेला कप्पा खालून वर ढकलत होता.

मग फुप्फुसं पाहिली. उभं राहून काढलेल्या एक्स-रेत खालच्या रक्तवाहिन्या वरच्यांपेक्षा जाड दिसतात. इथे वरच्याच जाड होत्या. खाली, बरगड्यांच्या कडेला, सेंटीमीटरभर लांबीच्या बारीक आडव्या रेषा होत्या. फुप्फुसात रक्त तुंबून पाणी झिरपू लागलं की त्या उमटतात.

सगळं एकाच जागेकडे बोट दाखवत होतं : डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली मायट्रल झडप अरुंद झाली होती. रक्त मागे तुंबत होतं, म्हणून वरचा कप्पा फुगला. खालच्या कप्प्यावर जादा भार नव्हता, म्हणून हृदय मोठं दिसत नव्हतं. विचारल्यावर तिने लहानपणी सांधे सुजून ताप आल्याचं सांगितलं. तो संधिवाताचा ताप असावा. तो झडपा खराब करतो. टूडी इकोने निदान पक्कं झालं. पुढे फुग्याने झडप रुंद केली. आता पेनिसिलिनचं इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी चालू आहे.

उलटी फसगतही होते. रुग्णाला झोपवून, समोरून किरण सोडून काढलेल्या किंवा अर्धवट श्वासात घेतलेल्या एक्स-रेत चांगलं हृदयही मोठं दिसतं. म्हणून एक्स-रे कसा काढला, हे आधी पाहावं लागतं. शिवाय झडप किती अरुंद आहे हे एक्स-रे सांगत नाही. ते काम इकोचं.

दम्याच्या औषधाने आराम पडत नसेल, आडवं झाल्यावर दम वाढत असेल, तर ‘नॉर्मल’ रिपोर्टावर थांबू नका. एक्स-रेची मूळ फिल्म घेऊन डॉक्टरांकडे परत जा.