संगणकावरचा हिशेब : लाख-कोटीचा स्वल्पविराम नीट पडतो का, हे तपासा

भिवंडीत सूत, सायझिंग, मजुरी आणि ग्रे कापडाचा हिशेब आता बहुतेक पेढ्यांवर संगणकावर होतो. आकडेमोड यंत्र बरोबर करते, म्हणून छापून आलेल्या कागदाकडे कोणी दुसऱ्यांदा पाहत नाही. पण बेरीज बरोबर असूनही आकडा चुकीचा वाचला जाऊ शकतो. दोष असतो तो आकडा पडद्यावर दाखवण्याच्या पद्धतीत. हा दोष कसा ओळखावा, ते आम्ही येथे उदाहरणांनी सांगत आहोत.

आपल्याकडे उजवीकडून पहिले तीन अंक आणि पुढे दोन-दोन अंक असे गट पडतात : १,२३,४५,६७८. पाश्चात्त्य पद्धतीत सर्व गट तीन अंकांचे, म्हणजे तोच आकडा १२,३४५,६७८ असा होतो. आपले मुनीमजी आकडा पूर्ण वाचत नाहीत, स्वल्पविराम मोजतात. दोन असले तर लाख, तीन असले तर कोटी. पाश्चात्त्य पद्धतीने छापलेल्या सव्वा कोटीत स्वल्पविराम दोनच असतात आणि घाईत ती रक्कम बारा लाख वाचली जाते.

एक्सेल वापरणाऱ्यांमध्ये लाख-कोटीसाठी एक तयार नमुना हातोहात फिरतो :

```
[>=10000000]##\,##\,##\,##0.00;[>=100000]##\,##\,##0.00;##,##0.00
```

याचे तीन भाग आहेत. रक्कम एक कोटी किंवा अधिक असेल तर पहिला भाग लागतो. एक लाख किंवा अधिक असेल तर दुसरा. बाकी सर्व रकमांना तिसरा, आणि तो तिसरा भाग पाश्चात्त्य पद्धतीचा आहे. लाखाच्या आतल्या रकमेला दोन्ही पद्धती सारख्याच, म्हणून एरवी हे खपून जाते. आता रिकाम्या पानावर हा नमुना लावून पुढील पाच आकडे टाका :

```
99999
100000
12345678
-12345678
99999.996
```

पहिले तीन बरोबर दिसतील. चौथ्यात घोटाळा आहे. उणे रक्कम लाखापेक्षा मोठी नाही, शून्यापेक्षाही लहान आहे. म्हणून ती तिसऱ्या भागात पडते आणि `-12,345,678.00` अशी दिसते. पाचवा आकडा लाखाला अर्ध्या पैशाहूनही कमी पडतो, म्हणून तोही तिसऱ्या भागात जातो. मग दोन दशांशांपर्यंत पूर्ण होऊन `100,000.00` असा उमटतो.

आपल्या धंद्यात उणे रक्कम रोजची आहे. व्यापाऱ्याने मजुरीपोटी आगाऊ पैसे दिले, माल परत आला, सूतवाल्याकडे जास्त रक्कम गेली, की खाते उणे होते. म्हणजे येणे बरोबर दिसते आणि देणे चुकीच्या गटांत दिसते. दोन्ही एकाच रकान्यात खाली-वर असली की नजर फसते.

यावर सोपा उपाय असा. विंडोजच्या `Region` खिडकीत `Additional settings` उघडा, `Digit grouping` मध्ये `12,34,56,789` हा प्रकार निवडा आणि एक्सेलमध्ये वरचा लांब नमुना काढून साधा `#,##0.00` ठेवा. पाचही आकडे बरोबर येतील. याची मर्यादा एकच : ही निवड त्या संगणकाची असते, फाइलची नव्हे. तीच फाइल चार्टर्ड अकाउंटंटच्या यंत्रावर उघडली तर गट वेगळे पडू शकतात. सबब हिशेब छापून किंवा पीडीएफ करून द्यावा, आणि मोठ्या रकमेखाली चेकप्रमाणे अक्षरी रक्कम लिहावी.

उणे चिन्हाबाबत आणखी एक तपासणी करा. `-0.004` टाकून पाहा. दोन दशांशांत ते `-0.00` असे दिसते. खाते मिटलेले असताना उणे चिन्ह पाहून समोरचा विचारतो, बाकी कोणाची राहिली? शक्य असेल तर खातेउताऱ्यात उणे चिन्हाऐवजी ‘नावे’ आणि ‘जमा’ असे शब्दच छापावेत.

आता पैशांच्या पूर्णांकाकडे वळू. समजा मजुरी दर पिकाला ४.८५ पैसे आणि कापड ५४ पिकाचे. मीटरला दर झाला २.६१९ रुपये. रकान्यात दोनच दशांश दिसत असतील तर कागदावर २.६२ छापले जाते, पण यंत्र गुणाकार २.६१९ नेच करते. दहा हजार मीटरला यंत्र २६,१९० रुपये काढते, तर समोरचा कॅल्क्युलेटरवर २६,२०० काढतो. दहा रुपयांचा वाद विनाकारण उभा राहतो. दर असेल तितक्या दशांशांत छापावा.

बेरजेतही असेच होते. याच दराने ४१२, ४०४ आणि ४०२ मीटरच्या तीन ओळी घ्या. छापील रकमा १,०७९.०३, १,०५८.०८ आणि १,०५२.८४. हाताने बेरीज ३,१८९.९५ येते, यंत्राची ३,१८९.९४. कारण पडद्यावरची रक्कम पूर्ण केलेली असते, आतली नसते. प्रत्येक ओळीची रक्कम `ROUND` ने खरोखर दोन दशांशांत आणली, की छापील ओळी आणि बेरीज जुळतात. शेवटी पूर्ण रुपयासाठी ‘राउंड ऑफ’ची ओळ वेगळी दाखवावी. जीएसटी कायद्याच्या कलम १७० प्रमाणे कराची रक्कम जवळच्या रुपयात घेतात, पन्नास पैसे किंवा अधिक असल्यास वरचा रुपया.

हीच कसोटी परतीच्या मालावर लावा. १,२५०.५० चे बिल १,२५१ झाले, तर पूर्ण माल परत आल्यावर उणे १,२५१ व्हायला हवे. एक्सेलचे `ROUND` तसेच करते. पण काही प्रोग्राम अर्धा मिळवून खालचा पूर्णांक घेतात. त्यांत उणे १,२५०.५० चे उणे १,२५० होते आणि खात्यात एक रुपया लोंबकळत राहतो. नवे सॉफ्टवेअर घेताना विक्रेत्यासमोर हे बिल आणि ही परत टाकून पाहावी. बाकी शून्य आली पाहिजे.

परदेशी माल पाठवणाऱ्यांनी चलनाचे दशांशही पाहावेत. रुपया, डॉलर आणि दिरहम यांना दोन दशांश लागतात, पण कुवेतच्या दिनारचे एक हजार फिल्स होतात, म्हणून त्याला तीन लागतात. बहरीनचा दिनार आणि ओमानचा रियाल यांचेही तसेच. समजा बिल १४५.३७५ दिनारचे आणि दर २७० रुपये. बरोबर रक्कम ३९,२५१.२५ रुपये. प्रोग्रामने दिनार आधीच १४५.३८ केला तर ३९,२५२.६० होतात. एका बिलावर १.३५ रुपयांचा फरक बँकेच्या कागदाशी जुळत नाही. नियम असा की आधी गुणाकार, मग एकदाच पूर्णांक. रुपयात पूर्ण केलेली रक्कम उलट भागून पुन्हा दिनार काढू नयेत, मूळ परकीय रक्कम वेगळ्या रकान्यात जपावी. आणि परदेशी ग्राहकाच्या बिलावर गट त्याच्या सवयीचे, तीन-तीन अंकांचे ठेवावेत. लाख-कोटी त्याला अनोळखी आहेत.

वरचे पाच आकडे, तीन ओळींची बेरीज, एक परत आणि एक दिनारचे बिल एका कागदावर लिहून ठेवा. संगणक बदलला, सॉफ्टवेअर नवे आले किंवा छपाईचा नमुना बदलला, की पहिले खरे बिल काढण्याआधी हा कागद एकदा चालवून पाहावा. त्याला पाव तासही लागत नाही.