केला, गेला, मेला

"काकू, काल मी भाजी करली," समोरच्या फ्लॅटमधली मुलगी दारात डबा घेऊन उभी होती. कोचीची मुलगी, बँकेतल्या नोकरीत बदली होऊन पुण्याला आलेली. भाजी फक्कड होती, 'करली' मात्र दाताखाली खडा यावा तसं लागलं. मी म्हटलं, "केली म्हण." तिने कपाळाला हात लावला आणि घरात जाऊन एक वही घेऊन आली. वहीत 28 क्रियापदं होती, अकारविल्हे लावलेली. उडणे – उडाला, करणे – केला, खाणे – खाल्ला, गाणे – गायला, घालणे – घातला. रोज रात्री दहा पाठ करते आणि सकाळी त्यातली सात गेलेली असतात, असं तिचं म्हणणं.

आपण मराठी माणसं ही वही कधी बघत नाही, कारण आपल्याला तिची गरज पडलेली नसते. लहानपणी आपणही 'करलं' म्हणतो, कोणीतरी हसून 'केलं' म्हणतं आणि दोन-तीन वर्षांत सगळं आपोआप बसतं. मोठेपणी भाषा शिकणाऱ्याला एवढा वेळ नसतो. मग तो यादी करतो आणि यादी अकारविल्हे लावतो, म्हणजे नेमकी नको तशी. 'मरणे' आणि 'करणे' जुळ्या भावांसारखे आहेत. त्या वहीत ते तीन पानांच्या अंतरावर होते.

मी तिला म्हटलं, पहिल्यांदा हे 'णे' काढून टाक. उरतो तो धातू. आता धातू कोणत्या आवाजावर संपतो ते बघ आणि भूतकाळ मोठ्याने म्हण. बस – बसला, वाच – वाचला, शिक – शिकला: यात शिकायला काहीच नाही, नुसता 'ला' जोडायचा. अशी शेकडो क्रियापदं आहेत आणि ती वहीत हवीतच कशाला? बिघडणारे धातू थोडे आहेत आणि त्यांची बिघडण्याची ठिकाणंही ठरलेली आहेत. एक तर धातू एकाच अक्षराचा असतो, जसे खा, जा, पि, धु, दे, घे. नाहीतर तो र, ह, ग, घ, ण, ड, ल, ळ यांच्यापैकी एखाद्या आवाजावर संपतो.

पहिली गाठ 'कर' आणि 'मर'ची. र गेला आणि अच्या जागी ए आला: केला, मेला. हे ऐकून ती थांबली आणि म्हणाली, "आमच्याकडेही असंच आहे." मल्याळममध्ये 'वरुक' म्हणजे येणे, त्याचा भूतकाळ 'वन्नु', 'तरुक' म्हणजे देणे, त्याचा 'तन्नु'. तिथेही दोन्हींतला र गडप होतो आणि दोन्हींत एकच आवाज त्याची जागा घेतो. स्वतःच्या भाषेतली ही जोडी तिने तोवर जोडी म्हणून पाहिलीच नव्हती, जशी आपण 'केला-मेला' पाहिलेली नसते.

याच गाठीत मी 'गेला' टाकला, तेव्हा तिने हरकत घेतली. 'जा'मध्ये र कुठे आहे? नाही. पण गेला हा मुळात 'जा'चा नाहीच. संस्कृतातली कृत, मृत आणि गत ही रूपं डोळ्यांसमोर आणा. प्राकृतात ऋ जाऊन अ आला, दोन स्वरांमधला त झिजून गेला आणि ढोबळमानाने कअ, मअ, गअ एवढंच उरलं. त्याला पुढे 'इल्ल' हा प्रत्यय लागला. अ आणि इ शेजारी आले की ए होतो, हे शाळेत संधी घोकलेल्या कोणालाही आठवेल. केला, मेला, गेला या तिन्हींतला ए तो हाच. त्यांचं यमक जुळतं ते योगायोगाने नाही. आणि 'आगत', म्हणजे आ लागलेला गत, त्याच वाटेने झिजत 'आला' झाला. येणे आणि आला यांच्यात एकही आवाज सारखा नाही म्हणून शिकणारा रडकुंडीला येतो; पण आला आणि गेला ही सख्खी भावंडं आहेत असं सांगितलं की दोन्ही एकदम लक्षात राहतात.

हा भूतकाळातला ल मराठी माणसाची फार जुनी खूण आहे. उद्योतनसूरी नावाच्या जैन मुनींनी इ. स. 779 मध्ये राजस्थानातल्या जालोरला 'कुवलयमाला' हा प्राकृत ग्रंथ पुरा केला. त्यात बाजारात जमलेल्या निरनिराळ्या प्रांतांच्या लोकांची बोली एकेका फटकाऱ्यात दाखवली आहे. त्यातल्या मरहट्ट्याच्या तोंडी 'दिण्णले' आणि 'गहिल्ले' हे शब्द आहेत, म्हणजे आपले दिले आणि घेतले. परक्या माणसाच्या कानाला मराठीतलं नेमकं काय टोचलं, तर आजही वहीत लिहावी लागणारी ही दोन क्रियापदं.

आता या नियमाची मर्यादा. मुलगी हुशार, तिने लगेच 'धरणे – धेला' लिहिलं. धेला हे एक जुनं नाणं होतं, क्रियापद नव्हे. संस्कृतात धृत आहे, भृतही आहे, पण मराठीत धरला आणि भरला. म्हणजे र वर संपणारे बाकीचे धातू सरळ वाटेला लागले आणि कर, मर तेवढे जुन्या वळणावर राहिले. याचं कारण वापरात आहे. जे रूप दिवसातून पन्नास वेळा कानावर पडतं ते पोराच्या तोंडी तसंच बसतं. जे क्वचित ऐकू येतं, ते पोर आपल्या हिशेबाने नियमात बसवून टाकतं आणि चार पिढ्यांनी तेच शुद्ध ठरतं. इंग्रजी शिकतानाही हाच खड्डा लागतो. सिंग-सँग, रिंग-रँग, ड्रिंक-ड्रँक अशी माळ लावली की पाठांतर निम्म्यावर येतं, पण मग कोणीतरी आत्मविश्वासाने 'ब्रिंग-ब्रँग' म्हणतं. म्हणून गाठ बांधताना तिच्या शेजारी, तिच्यासारखा दिसणारा पण तिच्यात नसलेला एक धातू लिहून ठेवायचा. केला-मेलाच्या पानावर तिने लाल शाईने 'धरला' लिहिलं.

दुसऱ्या गाठीत ह वर संपणारे धातू आले: पाह, राह, लिह, वाह. पाहिला, राहिला, लिहिला, वाहिला. हा मधला इ आगंतुक वाटतो, पण खरं तर तो जुना भाडेकरू आहे. जुन्या मराठीत सकर्मक क्रियापदांना तो सर्रास असे: मारिला, आणिला, ठेविला. अभंग ऐकणाऱ्यांच्या कानात ही रूपं आहेतच. पुढे बोलण्यात तो इ पडला आणि मारला, आणला, ठेवला उरलं. ह नंतर तो टिकला, कारण 'पाह्ला' म्हणून बघा, जीभ अडखळते. म्हणजे पाहिला हा अपवाद नाही. जुना नियम जिथे पुसता आला नाही ती ती जागा आहे.

पण वहीतला सगळ्यांत मोठा उलगडा पुढच्या दोन गाठींनी केला. एकीकडे 'आला'वाले: पळाला, निघाला, मिळाला, उडाला, बुडाला. दुसरीकडे 'तला'वाले: घेतला, धुतला, घातला, सांगितला, मागितला, बघितला. ही दोन पानं समोरासमोर ठेवून मी तिला प्रत्येकाचं वाक्य करायला लावलं. तो पळाला. तो निघाला. पतंग उडाला. मग त्याने घेतला. त्याने धुतला. त्याने सांगितला. सातव्या-आठव्या वाक्याला तिलाच दिसलं: 'आला'च्या पानावर 'ने' कुठेच नाही आणि 'तला'च्या पानावर तो प्रत्येक वाक्यात आहे. 'ने' कधी लावायचा आणि कधी नाही, या प्रश्नाने तिला आठ महिने छळलं होतं. त्याचं उत्तर निदान या पंधरा-वीस क्रियापदांपुरतं तरी शेपटातच दडलेलं होतं.

मग मी जरा खोडसाळपणा केला. विचारलं, पिणे कुठे टाकशील? पाणी पितात, म्हणजे कर्म आहे, म्हणजे 'तला'च्या पानावर, ती म्हणाली. पण आपण 'तो दूध प्याला' म्हणतो. पि ला आला जोडला की इचा य होतो: प्याला. तसंच भि – भ्याला, आणि गाय व्याली. कर्म असूनही पिणे 'आला'च्या पानावर जातं आणि म्हणूनच त्याला 'ने' नको. हल्ली 'प्यायला' हे रूप रुळलं आहे आणि गंमत म्हणजे त्याबरोबर 'त्याने पाणी प्यायलं' असंही ऐकू यायला लागलं आहे. शेपूट बदललं आणि 'ने' आत शिरला.

या सगळ्यावर कळस म्हणजे 'म्हणणे'. तो म्हणाला, पण त्याने म्हटलं. धातू एकच, अर्थही एकच, तरी तो दोन्ही पानांवर आहे, आणि प्रत्येक पानावर त्या पानाचा कायदा पाळतो. म्हटलं हे वरवर बघता 'तला'वाल्यांतलं वाटत नाही. पण जुन्या पोथ्यांत 'म्हणितलें' असं रूप सापडतं. सांगितलं, मागितलं, म्हणितलं. मधला इ गळाला, ण आणि त एकमेकांना भिडले आणि तचा ट झाला. 'त्याने म्हणाला' ही चूक ती पहिल्या दिवसापासून करत होती. त्या संध्याकाळनंतर माझ्या तरी कानावर आली नाही.

उरलेल्यांचं काय? खाल्ला एकटा. दिला एकटा, फार तर त्याचा इ 'दिण्णले'मधलाच आहे एवढं सांगता येतं. झाला हा होणेचा नाही, जुन्या 'जाला'चा आहे. गायला सरळच, मध्ये फक्त य टेकू म्हणून उभा. या तीन-चार जणांना कुठल्यातरी गाठीत कोंबण्यापेक्षा नुसते पाठ करावेत. 28 घोकण्यापेक्षा तेवढं परवडतं. 'ग-घ वर संपला की इतला' असाही एक नियम मला बनवावासा वाटला होता, पण भोगला, टांगला आणि लागला यांनी तो तिथेच मोडला.

गेल्या आठवड्यात ती पुन्हा आली. बँकेतले लातूरकडचे एक सहकारी 'मला कळालं' म्हणतात आणि तळमजल्यावरच्या आजोबांनी तिला त्याच शब्दावरून झापलं होतं: कळलं म्हणायचं, कळालं अशुद्ध! मग मिळालं शुद्ध कसं, हा तिचा प्रश्न. मिळ, पळ, कळ, तिन्ही ळ वर संपणारे. बोलणाऱ्याने तिसऱ्यालाही त्याच दोघांच्या रांगेत बसवलं, आणि मराठवाड्यातच काय, इतरत्रही आता ते सर्रास ऐकू येतं. छापायचं असेल तर कळलं लिही, मी म्हणाले. तिने 'आला'चं पान उघडलं आणि बुडालाच्या खाली 'कळ' लिहिला. पेन्सिलीने.